थिएटरमधल्या मोबाईल आणि गप्पांबद्दल मालकसाहेबांना विनंती

कोल्हापूर, १२ ऑगस्ट २०२५

आदरणीय मालकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला नावानं ओळखत नसाल पण चेहरा कदाचित ओळखीचा असेल, मी बाल्कनीत नेहमी डी रांगेत बसते आणि आई यायची तेव्हा इंटरव्हलला कॅन्टीनच्या खिडकीपाशी दोन चहा घ्यायचे, एक माझा एक आईचा. दुसरी-तिसरीत असल्यापासून तुमच्याकडे येते. तेव्हा बाबा स्कूटरवरनं आणायचे, मी पुढं उभी, आई मागं, आणि तिकिटाच्या खिडकीवर तुमचे वडील बसलेले असायचे. हाऊसफुल्ल असलं तरी लहान पोर बघून कुठनंतरी एक खुर्ची आणून टाकायचे, ते मी अजून विसरले नाही. म्हणून हे पत्र तक्रारवहीत न लिहिता तुम्हालाच पाठवते. वेळ काढून पूर्ण वाचा एवढीच विनंती.

परवा रविवारी, १० तारखेला, संध्याकाळी ६ च्या शोला आईला घेऊन आले होते. आई ७१ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून कानाला मशीन आहे, आणि मशीन लागल्यापासून ती थिएटरात आलीच नव्हती, मला काही ऐकू यायचं नाही तू जा म्हणायची. यावेळी मीच हट्ट केला. नवीन साउंड सिस्टीम बसवलीय, डायलॉग एकदम स्वच्छ येतात असं मैत्रिणीनं सांगितलेलं, आणि ते खरं आहे हो, पहिली दहा मिनिटं आई माझ्याकडं बघून मान हलवत होती, येतंय येतंय म्हणून. तिचा तो चेहरा बघून मला जे वाटलं ते लिहून नाही सांगता येणार.

मग मागच्या रांगेत सहा-सातजणांचा ग्रुप आला, पिक्चर सुरू होऊन पंधरा मिनिटं झाल्यावर. सीट शोधायला चौघांनी मोबाईलचे टॉर्च लावले, ते एकवेळ समजू शकते, अंधारात पायऱ्या दिसत नाहीत. पण बसल्यावर गप्पा सुरू झाल्या त्या थांबल्याच नाहीत. त्यातल्या एकानं पिक्चर आधी बघितलेला, तो पुढं काय होणार ते सांगत होता, बाकीचे हसत होते. एकाला फोन आला तर त्यानं उचलला आणि नेहमीच्या आवाजात, हां बोल, पिक्चरला आलोय, नाही नाही बोल की, म्हणून गाडीच्या इन्शुरन्सबद्दल तीन-चार मिनिटं बोलला. पुढच्या रांगेत एक गृहस्थ रील बघत होते, आवाज बंद होता पण ब्राइटनेस फुल्ल, आणि बाल्कनीला उतार असल्यामुळं तो उजेड सरळ आमच्या डोळ्यात.

आईचं सांगते. कानाच्या मशीनला जवळचा आवाज आणि लांबचा आवाज यातला हवा तो नेमका निवडता येत नाही, मागं कोणी बोललं की तेच आधी मोठं होऊन कानात येतं. पडद्यामागच्या स्पीकरमधनं येणारा डायलॉग त्याच्याखाली दबून जातो. पाऊण तासानं आईनं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं आणि उरलेला पिक्चर नुसता बघत बसली. इंटरव्हलला मी विचारलं जायचं का घरी, तर म्हणाली बस बस, तिकीट काढलंय ना.

मी उठून मागच्या मुलांना सांगितलं होतं, दादा जरा हळू बोला आईला ऐकू येत नाही. त्यातला एक चटकन सॉरी काकू म्हणाला, खरंच चांगला पोरगा होता. दुसरा म्हणाला आम्हीपण तिकीट काढूनच आलोय. दोन मिनिटं शांतता आणि मग परत सुरू. डोअरकीपरला सांगावं म्हणून खाली गेले तर दारावर कोणीच नव्हतं, कॅन्टीनवाल्या मुलाला विचारलं तर म्हणाला ते बाहेर पार्किंग बघायला गेलेत. त्यांची चूक नाही, एक माणूस पार्किंग बघणार, तिकीट फाडणार आणि आत पण लक्ष ठेवणार, कसं जमेल?

एक गैरसमज नको. मला शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा यांचा त्रास नाही. हिरोची एन्ट्री झाली की अख्खं थिएटर ओरडतं तेव्हा मी पण टाळ्या वाजवते, त्यासाठीच तर चारशे माणसांत बसून बघायचं. रडण्याच्या सीनला आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज येतात तेसुद्धा मला आवडतं. ते सगळं पिक्चरबरोबर चाललेलं असतं. गाडीच्या इन्शुरन्सचं बोलणं पिक्चरच्या आडवं येतं, आणि एकदा लिंक तुटली की परत आत शिरायला वेळ लागतो, तोवर सीन गेलेला असतो. लहान बाळ रडलं तर त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही, त्या आईला पण वर्षभरानं पिक्चर बघायला मिळालेला असतो, फक्त अशांना दाराजवळची सीट आधी विचारून दिली तर तिलाच उठून बाहेर जायला सोपं पडेल.

उजेडाबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते कारण लोकांना वाटतं मोबाईल सायलेंट केला म्हणजे झालं. माझा मावसभाऊ थिएटरमध्ये प्रोजेक्टर बसवायचं काम करतो, त्याला मी विचारलं. तो म्हणाला पडद्यावर सगळ्यात पांढरं जे दिसतं त्याचा उजेड स्टँडर्डप्रमाणे ४८ निट्स असतो, आणि आजकालच्या साध्या मोबाईलचा स्क्रीन फुल्ल केला तर ४००-५०० च्या घरात जातो. म्हणजे पडद्याच्या आठ-दहापट उजेड हातभर अंतरावर. त्यात अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि असा एक झगझगीत चौकोन समोर आला की ते सरावणं पुन्हा मागं जातं. रात्रीचे सीन, ज्याच्यावर कॅमेरामननं इतकी मेहनत घेतलेली असते, ते मग नुसते काळे दिसतात. तुम्ही एवढा खर्च करून नवीन प्रोजेक्टर लावला, त्याचं चीज त्या एका मोबाईलमुळं होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजून एक, हे तुम्हाला माहीत असेलच पण तरी सांगते. परवा एन्ट्रीच्या सीनला पाच-सहा जणांनी मोबाईल वर धरून स्टेटससाठी व्हिडिओ काढले. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात परवानगीशिवाय थिएटरात पिक्चर रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, कमीत कमी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून पुढं दंड. पोरांना हे माहीतच नसतं हो. उद्या एखाद्याच्या स्टेटसवरनं भानगड झाली तर तो पण अडकेल आणि चौकशी तुमच्या थिएटरपर्यंत येईल. निदान ही एक गोष्ट पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवाच.

तुमची अडचण मला कळते. आधीच लोक दीड-दोन महिन्यांत मोबाईलवर येईल की म्हणून घरी बसतात, त्यात आलेल्या गिऱ्हाइकाला बोललं तर तो परत येणार नाही अशी भीती असणार. पण जे बोलत नाहीत, गुपचूप त्रास सहन करून घरी जातात आणि परत येत नाहीत, ते तुम्हाला दिसत नाहीत. आमच्या गल्लीतली तीन घरं अशी आहेत, विचारलं तर म्हणतात तिथं निवांत बघायला मिळत नाही. आमची आई चौथी होईल अशी मला भीती वाटतेय.

जॅमर वगैरे लावा असं मी म्हणणार नाही, खाजगी ठिकाणी सरकारी परवानगीशिवाय तो लावताच येत नाही, आणि कोणाच्या घरी कोणी आजारी असतं, कोणी डॉक्टर असतो, त्यांना फोन लागायलाच हवा. फोन आला तर उठून बाहेर जाऊन बोलावं, इतकंच.

माझं मुख्य मागणं एकच आहे आणि ते जुनंच आहे. पूर्वी बाल्कनीत बॅटरीवाले काका असायचे, खाकी शर्ट, हातात दोन सेलची बॅटरी. कोणी जास्त बोललं की काही न बोलता त्याच्या पायाशी बॅटरीचा उजेड टाकून उभे राहायचे. पाच सेकंद. माणूस आपोआप गप्प व्हायचा, अपमान पण नाही, भांडण पण नाही. मी एकदा दहावीची परीक्षा संपल्यावर मैत्रिणींबरोबर आले होते तेव्हा आमच्या पायाशी पण तो उजेड पडला होता आणि आम्ही पूर्ण पिक्चरभर चिडीचूप बसलो. असा एक माणूस परत आत ठेवा. सगळ्या शोला जमत नसेल तर शनिवार-रविवारी ६ आणि ९ च्या शोला तरी ठेवा. मी सांगितलं तर ती शेजारच्या सीटवरच्या बाईची कटकट होते, तुमच्या माणसानं सांगितलं की तो थिएटरचा नियम होतो, आणि ती चांगली पोरं पण लगेच ऐकतात.

त्याच्या जोडीला पिक्चर सुरू व्हायच्या आधी आणि इंटरव्हलनंतर एक सूचना द्या. नाटकाला तिसरी घंटा झाली की मोबाईल बंद ठेवा म्हणून सांगतात ना, तसं. लिहिलेली पाटी कोणी वाचत नाही, आवाजात सांगा, आणि शक्य असेल तर तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करा, गावातले निम्मे लोक तुम्हाला ओळखतात, तुमचं ऐकतील. बाबूराव पेंटरांचं हे गाव, १९२९ साली प्रभात इथंच सुरू झाली, इथल्या माणसाला पिक्चरची किंमत कळत नाही असं मी कधीच मानणार नाही. कोणीतरी आठवण करून द्यायला पाहिजे एवढंच.

आणि एक व्हॉट्सॲप नंबर दाराशी बाहेर लावून ठेवा, म्हणजे त्रास होत असेल तर इंटरव्हलला बाहेर आल्यावर रांग नंबर टाकता येईल, खाली माणूस शोधत फिरावं लागणार नाही.

परवाच्या तिकिटाचे पैसे परत मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही, ते मनात पण आणू नका. येत्या रविवारची १७ तारखेची ६ च्या शोची दोन तिकिटं मी आजच काढलीत, डी रांग, ११ आणि १२. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही बॅटरीवाल्या माणसाचं काही ठरवलं तर रविवारच्या आत एक फोन करा, नंबर तुमच्या बुकिंगच्या वहीत आहे, म्हणजे मी तिला मशीन चार्ज करून ठेव म्हणून सांगेन.

तुमची नेहमीची प्रेक्षक,
स्मिता
मंगळवार पेठ, कोल्हापूर