विषय: 12 तारखेचे अपडेट 24 तारखेच्या रात्रीपर्यंत थांबवण्याबाबत (ग्राहक क्रमांक 2417, तीन काउंटर)

सपोर्ट विभागास,

नमस्कार.

बुधवार, 12 तारखेला रात्री 11 नंतर आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर नवे व्हर्जन आपोआप चढेल, असा तुमचा संदेश मिळाला. आमचा सेल सोमवार 10 ते रविवार 16 असा आहे. म्हणजे अपडेट बरोबर सेलच्या मधोमध येते. तेव्हा आमच्या खात्यापुरते ते सोमवार, 24 तारखेच्या रात्री दुकान बंद झाल्यावर करावे, ही विनंती. तसे केल्याचे शुक्रवार, 7 तारखेच्या संध्याकाळपर्यंत याच ईमेलच्या उत्तरात लिहून कळवा. शनिवारी आम्ही सेलचे दर आणि ऑफर भरायला बसतो. कोणत्या व्हर्जनवर भरायचे, हे त्याआधी पक्के हवे.

अपडेट नको असे आमचे म्हणणे नाही. त्यातला नवा साठा अहवाल आम्हीच मागितला होता. प्रश्न फक्त वेळेचा आहे.

तुमच्या माहितीपत्रकात लिहिले आहे की या व्हर्जनमध्ये सवलतीचा भाग नव्याने बांधला आहे, आणि जुन्या योजना नव्या रचनेत आपोआप बदलून घेतल्या जातील. नेमकी हीच गोष्ट मला सेलमध्ये नको आहे. आमच्या ऑफर साध्या टक्केवारीच्या नाहीत. दोन नगांवर एक मोफत, ठरावीक रकमेपुढे जादा सूट, काही माल सवलतीतून वगळलेला, आणि एका बिलावर दोन योजना लागू झाल्या तर त्यातली ग्राहकाच्या फायद्याची एकच धरायची. हा प्राधान्यक्रम बदलताना एका ठिकाणी जरी उलटा झाला, तरी बिल छापून येईल, पडद्यावर कुठेही लाल अक्षर दिसणार नाही आणि रक्कम चुकीची असेल. सॉफ्टवेअर बंद पडले तर निदान लगेच कळते. चुकीची सूट मात्र रात्रीच्या हिशेबापर्यंत कळत नाही, आणि तोपर्यंत ग्राहक घरी गेलेला असतो. त्याला जास्त पैसे लागले असतील तर तो भांडायला परत येतो. कमी लागले असतील तर कोणी येत नाही, हेही तुम्ही जाणताच.

दुसरे कारण मागच्या अपडेटचे. रात्री सर्व्हर आणि दोन काउंटर नव्या व्हर्जनवर गेले. तिसरा संगणक बंद होता, तो जुन्यावरच राहिला. सकाळी त्याने सर्व्हरशी जोडून घ्यायलाच नकार दिला आणि त्याचे अपडेट पूर्ण होईपर्यंत तो काउंटर रिकामा राहिला. शिवाय प्रिंटरची सेटिंग मूळपदावर गेली. 80 मिलिमीटरच्या कागदावर 58 मिलिमीटरच्या रुंदीचे बिल येऊ लागले, वस्तूंची नावे तुटून दोन-दोन ओळींत गेली. तुमच्या माणसाने दुरून जोडून घेऊन ते नीट केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो दिवस निवांत होता. सेलच्या गुरुवारी सकाळी तिन्ही काउंटरवर रांग असते. तेव्हा एक काउंटर बंद राहिला तर लोक हातातला माल तिथेच ठेवून निघून जातात.

सेलपुरती दोन मुले काउंटरला घेतली आहेत. त्यांना याच पडद्यावर शिकवले आहे: कुठली कळ दाबली की बिल थांबवून ठेवता येते, थांबवलेले परत कसे उघडायचे, बदलीचा माल जुन्या बिल क्रमांकावरून कसा घ्यायचा. पडद्याची मांडणी रातोरात बदलली तर ती दोघे दर बिलाला मला हाक मारतील.

सेल 16 ला संपतो, मग 24 तारीख का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. सेलनंतरचे तीन-चार दिवस बदलीचे असतात. त्यात सेलमधली बिले परत उघडावी लागतात, आणि ज्या नियमाने सूट दिली त्याच नियमाने ती वजा व्हावी लागते. त्यापुढे शुक्रवार ते रविवार साठा मोजणी आहे. मोजणी जुन्या व्हर्जनवर सुरू होऊन नव्यावर संपली, तर फरक चोरीचा, मोजणाऱ्याचा की अपडेटचा, हे शोधणे अशक्य होईल. सोमवारी सकाळी मोजणीचा हिशेब मिळवू, रात्री तुम्ही काम करा. मंगळवार आमचा आठवड्यातला सर्वांत मोकळा दिवस, म्हणजे काही राहिले तर ते सावरायलाही वेळ मिळेल.

अपडेटमध्ये सुरक्षेची एखादी तातडीची दुरुस्ती असेल, तर तसे स्पष्ट सांगा. तेवढीच वेगळी देता येत असेल तर शनिवारी, 8 तारखेला रात्री घ्यायला मी तयार आहे, रविवारी तिन्ही काउंटरवर तपासून घेईन. वेगळी देता येत नसेल, तर मधल्या काळात कोणती काळजी घ्यायची ते लिहा. तुमच्याकडचा सर्व्हर 12 तारखेला सगळ्यांसाठीच बदलणार असेल, तर जुन्या व्हर्जनवरून बिले वर जाणे, मोबाइलवरचा विक्री अहवाल आणि कार्ड मशीनला रक्कम पाठवणे, या तीन गोष्टी चालू राहतील का, हेही सांगा. अहवाल आठवडाभर नसला तरी चालेल. कार्ड मशीनची जोडणी तुटलेली चालणार नाही. रक्कम हाताने टाकायला लागली की चुका सुरू होतात.

पडद्यावर येणारी 'नंतर आठवण करा' ही खिडकीही तेवढे दिवस बंद ठेवता आली तर बरे. गर्दीत कोणीतरी तिच्यावर चुकून 'आत्ताच करा' दाबेल, याची मला अपडेटपेक्षा जास्त धास्ती आहे. ही सोय तुमच्याकडूनच बंद करता येते, की आमच्या सर्व्हरवर काही बदलावे लागेल, ते कळवा.

24 तारखेला आम्ही दिवसाचा हिशेब बंद करून डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊ, सर्व्हर आणि तिन्ही काउंटर चालू ठेवू, आणि मी स्वतः दुकानात थांबेन. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात: काम संपेपर्यंत फोनवर एक माणूस, आणि काही बिघडले तर त्याच रात्री जुन्या व्हर्जनवर परत नेण्याची तयारी. बिल क्रमांकाची मालिका मात्र तुटता कामा नये, ती अपडेटनंतर पुढच्या क्रमांकानेच सुरू झाली पाहिजे.

फोन करायचा असेल तर दुपारी 2 ते 4 मध्ये, खात्यावर नोंदवलेल्या क्रमांकावर करा. पण थांबवल्याची खात्री ईमेलवरच हवी.

आपला,
दुकानमालक, ग्राहक क्रमांक 2417

ता. क. आमच्या परवान्याची मुदत 15 तारखेला, म्हणजे सेलच्या शनिवारी संपते. नूतनीकरणाची रक्कम भरली आहे, पावतीही आली आहे, पण पडद्यावर अजून जुनीच तारीख दिसते. शुक्रवारच्या उत्तराआधी तेवढी नोंद करून घ्या.