एकटे, पण अपूर्ण नव्हे

ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

आज मी आपल्यातील अविवाहित प्रौढांशी बोलत आहे, ज्यांना घरच्या प्रत्येक भेटीत आणि प्रत्येक फोनवर "आता तरी ठरव" हेच ऐकावे लागते. त्या आग्रहामागे बहुधा आईवडिलांची काळजीच असते. परंतु तीच काळजी रोज टोचू लागली, की तिचे ओझे होते.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 7 व्या अध्यायात पौल विवाहाला मान देतो आणि अविवाहितपणालाही देवाचे कृपादान मानतो. यिर्मयाला तर देवानेच लग्न न करण्यास सांगितले होते. प्रभू येशू स्वतः अविवाहित होता. त्याचे जीवन अपुरे होते, असे आपल्यापैकी कोण म्हणेल?

तरीही एकाकीपण खोटे नाही. मनुष्याने एकटे असणे बरे नाही, हे देव उत्पत्तीच्या 2 ऱ्या अध्यायात, म्हणजे पाप जगात येण्यापूर्वीच म्हणतो. म्हणून रात्री घरी परतल्यावर जाणवणारी पोकळी हा तुमच्या विश्वासाचा दोष नव्हे. ती देवापुढे मोकळेपणाने मांडा. लग्नाची इच्छा असेल तर तीही मागा. मात्र केवळ लोकांचे प्रश्न थांबावेत म्हणून कोणाशी आयुष्य जोडू नका, कारण तो त्या व्यक्तीवरही अन्याय आहे. देवाने सोपवलेले कार्य तुमच्या लग्नासाठी थांबलेले नाही.

आणि मंडळीतील कुटुंबांनो, आज उपासनेनंतर यांना लग्नाविषयी विचारू नका. त्यांच्या कामाविषयी विचारा आणि आपल्या घरी जेवायला बोलवा.