दूध पिशवीत येतं कसं आणि तपासतात कशाला

नमस्कार पोरांनो! आज २६ नोव्हेंबर, राष्ट्रीय दूध दिवस, डॉ. व्हर्गीस कुरियन यांचा जन्मदिवस, म्हणून गुरुजींनी मला बोलवलंय. मी आपल्या गावच्या दूध संस्थेत टेस्टर आहे, तुमच्यातले बरेचजण सकाळी किटली घेऊन येतात ते मला ओळखतातच.

धार काढली की दूध साधारण ३८ डिग्री गरम असतं आणि जंतूंना तेच पाहिजे असतं, एवढ्या उबेत ते भराभर वाढतात. म्हणून कास धुवून, कोरडी करून, स्वच्छ भांड्यात धार काढायची आणि दूध लगेच संस्थेत आणायचं, वाटेत गप्पा मारत उभं राहायचं नाही. आमच्याकडे मोठा कूलर आहे त्यात दूध ४ डिग्रीपर्यंत थंड होतं. थंडीत जंतू मरत नाहीत हं, फक्त त्यांची वाढ एकदम मंदावते.

पण कूलरमध्ये ओतायच्या आधी तपासणी, आणि ती प्रत्येकाच्या दुधाची वेगळी. कारण एकदा मिसळलं की कुठलं दूध कुणाचं ते कुणालाच सांगता येत नाही, एका घरचं खराब दूध सगळ्या गावाचं दूध बाद करू शकतं.

आधी वास बघतो, मग डिग्री लावतो म्हणजे लॅक्टोमीटर सोडतो. दुधात पाणी असलं की तो जास्त खाली बुडतो, एवढं तुम्हाला माहीत असेल. पण नुसत्या डिग्रीवर विश्वास ठेवता येत नाही. साय हलकी असते, त्यामुळं कुणी साय काढून घेतली तर डिग्री वाढते, मग त्यात पाणी घातलं की परत खाली येते आणि आकडा बघून वाटतं दूध एकदम चोख! म्हणून फॅट पण काढावी लागते. मशीनमध्ये थोडंसं दूध घातलं की मिनिटाभरात फॅट आणि एसएनएफ दोन्ही येतात, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, प्रोटीन, साखर, क्षार वगैरे. गाईच्या दुधाला आपल्याकडं साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ धरून दर काढतात, म्हशीची फॅट सहाच्या पुढं असते म्हणून तिला दर जास्त. तुमच्या आईला जी स्लिप मिळते ती हीच. तपासणी नसती तर पाणी घालणाऱ्याला आणि पहाटे उठून चोख दूध आणणाऱ्याला एकच दर मिळाला असता, आणि मला तो सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

मग टँकर येतो, आतून गार राहणारा, तो डेअरीत गेला की तिथं परत तपासणी. दूध उकळून फुटतंय का बघतात, युरिया, सोडा, मीठ, साखर, पिठूळ, साबणाची पावडर मिसळलीय का बघतात. एक निळं औषध घालून ठेवतात, त्याचा रंग जितक्या लवकर उडेल तितके जंतू जास्त.

आता तुम्ही म्हणाल घरी आई दूध उकळतेच की मग एवढं कशाला? उकळून जंतू मरतात बरोबर, पण युरिया जात नाही, साबण जात नाही. गाईची कास सुजली म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तर त्या औषधाचा अंश दुधात उतरतो, तोही उकळून पूर्ण जाईल याचा भरवसा नाही. अशा दुधाचं दही पण नीट लागत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गाईचं दूध संस्थेत घालायचंच नाही, घरी कुणी घालत असेल तर तुम्ही सांगा त्यांना.

तपासणीत पास झालेलं दूध ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवतात आणि लगेच गार करतात, त्याला पाश्चरायझेशन म्हणतात. फॅट ठरल्याप्रमाणं कमीजास्त करतात, टोन्ड दुधात ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के, मग पिशव्या भरतात. त्यातल्या पण काही पिशव्या फोडून तपासतात, नीट तापलंय का ते बघायला वेगळी टेस्ट असते. पिशवी घेताना तारीख बघत जा आणि आणली की फ्रिजमध्ये.

आता टेबलावर दोन पेले आहेत, एकात नुसतं दूध, दुसऱ्यात मी मुद्दाम थोडं पिठूळ उकळून मिसळलंय, दोन्ही गार झालेत. हे टिंक्चर आयोडिन, दोन-तीन थेंब टाकायचे आणि निळं कुठलं होतंय ते बघायचं. पहिल्या बाकावरनं सुरुवात करा, ढकलाढकली नको, आणि ते दूध कुणी प्यायचं नाही बरं का!