पर्णरंध्र घनता: निरीक्षण व निष्कर्ष

पानांवर पारदर्शक नेलपॉलिश लावून, वाळल्यावर चिकटपट्टीने ठसे काढले. ४०एक्स वस्तुभिंगाखाली दृष्टिक्षेत्राचा व्यास ०.४५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ०.१५९ चौ. मिमी. प्रत्येक पृष्ठावर १० दृष्टिक्षेत्रे मोजली; कडेवर अर्धवट दिसलेली रंध्रे फक्त उजव्या अर्ध्या कडेची धरली.

आंबा, खालची बाजू: दर दृष्टिक्षेत्रात सरासरी ९१.६ रंध्रे, घनता ५७६ प्रति चौ. मिमी, वरची बाजू: शून्य.
मका, खालची: १२.४, घनता ७८, वरची: ८.९, घनता ५६.
रिओ ही शोभेची वनस्पती, खालची: ३.८, घनता २४.

आंब्याची रंध्रे लहान व दाटीची, त्यामुळे मोजणीत सर्वाधिक चूक तिथेच संभवते. मक्याची डंबेलच्या आकाराची, समांतर रांगांत असल्याने शिरेवर आलेली दृष्टिक्षेत्रे वगळली. रिओची सरासरी इतकी लहान आहे की एखादे रंध्र कमी-जास्त झाले तरी त्या दृष्टिक्षेत्राची घनता ६ ने बदलते. तिथे १०एक्सखाली मोजणे योग्य ठरेल.