अडीचचा नळ

मांडवातला शेवटचा बल्ब मामांनी मालवला तेव्हा बारा वाजून गेले होते. माळवदाच्या खोलीत करवल्या आडव्यातिडव्या झोपल्या होत्या. मधोमध सुरेखा. हळद वाळून गालाची कातडी ओढत होती. कूस बदलली की बांगड्या वाजायच्या, म्हणून ती उताणीच पडून होती. दुपारी कासारमामीनं चुडा भरताना बजावलं होतं, "दोन दिवस जप गं माय, लगीन लागायच्या आधी एकबी वाढू नगं."

तिच्या उशाशी भिंत होती आणि भिंतीतून नळाचा पाइप गेला होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली, 2016 ला, ती सातवीत होती. तेव्हापासून ही जागा तिची. गावात आठ दिवसांनी नळ सुटायचा, तोही रात्री. पाण्याच्या आधी पाइपातून हवा यायची. तो आवाज घरात फक्त सुरेखाच्या कानाला कळायचा. माय दिवसभर रानात राबून मेल्यागत झोपायची, अण्णांचा तर प्रश्नच नव्हता. पाणी भरणं हे काही बापयाचं काम नव्हे, असं कुणी कधी बोललं नव्हतं. बोलायची गरजच पडली नव्हती.

भिंतीत हवा बोलली. अडीच वाजले असतील.

करवल्यांचे पाय ओलांडत ती अंगणात आली. हळद लागलेल्या पोरीनं रात्रीचं एकटं बाहेर पडू नये, हे तिला माहीत होतं. पण उद्या दीडशे पाहुण्यांची पंगत. टँकर सांगितला होता, तरी टँकरवाल्याच्या शब्दावर कोण विसंबतंय!

ड्रमजवळ अण्णा उभे होते. हातात नळी. दोन्ही टोकं आळीपाळीनं बघत होते.

"झोप न्हाई लागली?" तिनं विचारलं.

"तू कामून उठलीस? जा, आत जा." मग जरा थांबून, "ही कुठून लावायची?"

"टूबची पट्टी हाय बगा, खुंटीला. तोटीला ती गुंडाळा आदी, मग नळी चढवा. न्हाई तर निम्मं पाणी भाईरच जातंय."

ती पुढं झाली तसं अण्णांनी हात आडवा केला. "चुडा हाय हातात. बस तितं. तू नुस्तं सांग."

ती जात्याच्या दगडावर बसली. अण्णांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी उलटी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. फुस्सकन पाण्याचा फवारा त्यांच्या सदऱ्यावर आला. तिला हसू आलं. पदर तोंडाला लावला तर हळदीचा वास.

"पयलं पाणी घागरीत न्हाई भरायचं," ती म्हणाली. "गढूळ येतंय. ते म्हशीच्या हौदात सोडा. शंभर मोजा, मग घागर लावा."

अण्णा खरंच मोजू लागले. ओठ हलताना दिसत होते. सोयाबीनच्या पट्टीचा हिशेब तोंडपाठ असलेला माणूस सत्तरच्या पुढं अडखळला आणि पुन्हा साठपासून सुरू झाला.

घागरी भरल्या, ड्रम भरत आला. ड्रममधल्या पाण्याचा आवाज वरवर चढत बारीक होत गेला.

"तिकडं अर्धापूरला असं न्हाई," अण्णा ड्रमकडं बघत म्हणाले. "कॅनॉल हाय. केळीच्या बागा. स्वयंपाकघरात तोटी हाय, म्या सोडून बघितली." बोलणी करायला गेलेला हा माणूस बाकी काय बघून आला, ते त्यानं आजवर सांगितलं नव्हतं. पोराचा पगार माय विचारत होती, जमीन किती ते चुलते विचारत होते. अण्णा परत आल्यावर एवढंच म्हणाले होते, 'सोयरिक करू.'

सुरेखा काही बोलली नाही. अंगठ्यानं हातावरची हळद खरवडत राहिली.

नळ घुर्रर्र करून बंद पडला. अण्णांनी नळी सोडली नाही.

"आता परत कदी?"

"आट दिसांनी. बुधवारी. अडीचच्या आसपास."

त्यांनी खिसा चाचपला. वाटून उरलेली एक लग्नपत्रिका निघाली आणि बॉलपेन. मांडवाच्या खांबावर पत्रिका टेकवून, तिच्या पाठीवर त्यांनी ओळीनं लिहिलं. बुधवार. अडीच. टूबची पट्टी. शंभर मोजणे.

"आन आवाज कसा येतोय म्हणलीस?"

"म्या कदी म्हणले?"

"मग आता सांग की."

तिनं आत झोपलेल्यांकडं एकदा बघितलं. मग ओठ जुळवून हळूच हवा सोडली, बारीक शिट्टीसारखी, मधेच अडकणारी.

अण्णांनी ऐकलं. मान कलती करून म्हणाले, "अजून एकदा कर."