उताऱ्यावरून शब्दार्थ ओळखा: कोकणातली भातशेती

इयत्ता सातवी, मराठी. वेळ 25 मिनिटे, गुण 10

उतारा आधी सलग वाचा. शब्दकोश उघडायचा नाही; अधोरेखित शब्द अनोळखी वाटला तरी त्याच्या मागचं-पुढचं वाक्य पुन्हा वाचा.

उतारा

कोकणात भाताची तयारी पावसाच्या कितीतरी आधी सुरू होते. माणसं झाडांवर चढून <u>कवळ</u> तोडतात. पानांसकट वाळलेल्या या डहाळ्या, शेण आणि पातेरा वाफ्यात पसरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि पेटवतात. असा <u>राब</u> भाजला की तणाचं बी जळून जातं. पाऊस आला की याच वाफ्यात भात पेरायचं. काही आठवड्यांत <u>तरवा</u> वीतभर उंच झाला, की तो मुळासकट उपटून जुड्या बांधतात आणि चिखल केलेल्या खाचरात लावतात. लावणीला पाऊस हवाच, पण नंतर खत टाकायला <u>उघडीप</u> लागते. यंदा ती श्रावणात मिळाली; खत टाकून झालं आणि काकूंनी अंगणात गोधड्याही वाळत घातल्या. गणपतीच्या सुमारास भात <u>पोटरीत</u> आलं. कणीस अजून दिसत नव्हतं, पण खोड फुगलेलं बोटांना कळत होतं. तात्या म्हणाले, "आता खाचरातलं पाणी तुटता कामा नये."

प्रश्न

1. 'कवळ' म्हणजे काय? (1 गुण)
(अ) कच्ची फळं (आ) पानांसह तोडलेल्या डहाळ्या (इ) जळाऊ ओंडके

2. 'राब' म्हणजे काय? 'राबणे' मनात आलं असेल, तर 'भाजला' हे क्रियापद पुन्हा पाहा. (2 गुण)
(अ) अंगमेहनत (आ) तणाचा एक प्रकार (इ) वाफ्यावर जाळायचा पालापाचोळा, शेण वगैरे

3. 'तरवा' शब्दाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा. तो कशावरून ओळखलात, ते उताऱ्यातले दोन शब्द किंवा शब्दसमूह देऊन सांगा. (3 गुण)

4. 'उघडीप' म्हणजे पाऊस थांबणे. हे काकूंच्या कोणत्या कृतीवरून पक्कं होतं? (1 गुण)

5. 'डोंगर चढून पोटऱ्या भरून आल्या' या वाक्यातला शब्द आणि उताऱ्यातली 'पोटरी' यांच्या अर्थांतला फरक लिहा. (3 गुण)

उत्तरसूची (शिक्षकांसाठी)

1 – आ. 2 – इ. 'अ' निवडणारे बरेच निघतील. मेहनत भाजता येत नाही, एवढं विचारलं तरी पुरे.

3 – वाफ्यात उगवलेली, लावणीसाठीची भाताची कोवळी रोपं. 'वीतभर उंच', 'मुळासकट उपटून', 'जुड्या', 'लावतात' यांपैकी कोणतेही दोन. अर्थाला 1, खुणांना 2 गुण. नुसतं 'गवत' लिहिल्यास अर्थाचा गुण देऊ नये.

4 – गोधड्या वाळत घातल्या.

5 – वाक्यात पायाचा मागचा मांसल भाग. उताऱ्यात कणीस बाहेर पडण्याआधीची, खोड फुगल्याची अवस्था. दोन्ही अर्थ लिहिले तरच पूर्ण गुण.