कागद स्वस्त, कागदापर्यंत पोचणं महाग: बडोद्याच्या लारीबाजाराकडे ट्रान्झॅक्शन कॉस्टच्या नजरेतून

रस्त्यावरचा धंदा नियमात का येत नाही असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात, एक म्हणजे टॅक्स चुकवायचा असतो आणि दुसरं म्हणजे लोक अडाणी आहेत, आणि मला तरी दोन्ही अर्धवट वाटतात. या पेपरात माझं म्हणणं एवढंच आहे की नियमाची फी आणि नियमात राहायचा खर्च या वेगळ्या गोष्टी आहेत. फी बहुतेक वेळा किरकोळ असते. खर्च किरकोळ नसतो, आणि धंदा छोटा आहे म्हणून तो छोटाही होत नाही.

अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारलं होतं की बाजार इतका छान चालतो तर कंपन्या कशाला लागतात, आणि त्यांचं उत्तर होतं की बाजार वापरायलाही पैसे पडतात, माणूस शोधा, भाव ठरवा, ठरलेलं तो पाळतोय का बघत बसा. यालाच ट्रान्झॅक्शन कॉस्ट म्हणतात. आपण तोच प्रश्न सरकारी व्यवस्थेला लावून बघू, ती वापरायला काय पडतं? पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांच्या टीमने १९८० च्या दशकात लिमामध्ये एक छोटा शिलाई कारखाना कायदेशीर नोंदवून बघितला, त्याला २८९ दिवस लागले.

आपल्याकडे परिस्थिती कागदावर इतकी वाईट नाही, आणि म्हणूनच ती जास्त इंटरेस्टिंग आहे. खाद्यपदार्थांच्या २०११ च्या नियमांत १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्याला नुसतं रजिस्ट्रेशन ठेवलं, फी वर्षाला १०० रुपये. २०१४ चा पथविक्रेता कायदा तर विक्रेत्यांच्या बाजूचा आहे, सर्वे होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय, टाउन वेंडिंग कमिटीत किमान ४० टक्के विक्रेते हवेत असंही आहे. मग अडतं कुठे?

रावपुऱ्याच्या बाजूला सेव-उसळची लारी, म्हणजे हातगाडी, लावणाऱ्या एका मावशींचा हिशोब घेऊ. लारी उभी राहते एका कापडदुकानाच्या ओटल्याला लागून, दुकान बंद व्हायच्या सुमारास. दुकानदाराला रोजचे ५० रुपये आणि अधूनमधून दोन प्लेट घरी, त्यात जागा आली, बल्बचं कनेक्शन आलं, आणि दबाणवाल्यांची, म्हणजे अतिक्रमण हटवणाऱ्यांची, गाडी दिसली तर फोन पण आला. पाव बेकरीतून सकाळी उधार, रात्री चुकता. यातलं काहीही लिहिलेलं नाही, पण उद्या त्यांनी बेकरीचे पैसे बुडवले तर अख्ख्या रस्त्यावर कुणी पाव देणार नाही, म्हणजे करार मोडायची शिक्षा आहेच, ती कोर्टाच्या तारखेपेक्षा लवकर मिळते एवढंच. तसंच मंगळबाजारात, तिथले पथारीवाले एकमेकांची हातभर जागा इतक्या काटेकोरपणे सांभाळतात की मोजणी अधिकाऱ्याला लाज वाटावी.

आता कर्ज बघा, कारण इथे आकडे साफ दिसतात. मावशी डायरीवाल्या सावकाराकडून घेतात: हातात ९,००० मिळतात आणि १०० दिवस रोज १०० द्यायचे. व्याज १,००० दिसतं, पण मुद्दल रोज कमी होत जातं हे धरलं तर वर्षाचा दर पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात जातो, आणि कुणीही म्हणेल काय लूट आहे. २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी ही सरकारी कर्जयोजना आली, सुरुवातीला १०,००० चं कर्ज, वर ७ टक्के व्याज सबसिडी. बँकेचा दर १२ टक्के धरला आणि वर्षभर हप्त्याने फेडलं तर व्याज ७०० च्या आत, सबसिडी वेगळीच. पण त्यासाठी आधारला मोबाईल लिंक पाहिजे, निगमकडचं, म्हणजे महापालिकेचं, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र पाहिजे, मग बँक. यात तीन वेळा अर्धा दिवस गेला आणि अर्ध्या दिवसाची कमाई ४०० धरली तर १,२०० तिथेच गेले, कर्ज मिळेल की नाही ते अजून ठरायचंय. डायरीवाला लारीवर येतो, पाच मिनिटांत देतो आणि रोज स्वतः वसूल करून जातो. मावशींचं वाक्य होतं, "कागद करायला मी जाऊ, तर तोवर कांदा कोण चिरणार?" ही अडाणी बाईची बोली नाही, हा सरळ हिशोब आहे.

दुसऱ्या वेळी मात्र हे गणित बदलतं, कारण कागदपत्रं एकदा झाली की पुन्हा तेवढे खेटे पडत नाहीत. म्हणजे अडचण महिन्याच्या खर्चाची नाही, दारातून आत जायच्या खर्चाची आहे, आणि तो मोठ्या हॉटेलला आणि लारीला जवळपास सारखाच पडतो, फक्त हॉटेलवाला सीएला फोन करून मोकळा होतो.

माझ्या मते सगळ्यात चांगला पुरावा क्यूआर कोडचा आहे. ज्या लारीवर सर्टिफिकेट नाही, फूड रजिस्ट्रेशन नाही, तिथे क्यूआर लटकलेला असतो. का? तर कुणीतरी येऊन चिकटवून गेला, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला चार्ज नाही. "लोकांना व्यवस्थेत यायचंच नसतं" हे खरं असतं तर सगळ्यात आधी ही गोष्ट टाळली असती, कारण प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. उलट बाजूही लगेच दिसली: जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत "फक्त कॅश" च्या पाट्या लागल्या. नोटिशीला उत्तर देणं, सीए शोधणं, दूध-भाजीसारखा करमुक्त माल वेगळा काढून दाखवणं, हा सगळा खर्च अचानक अंगावर आला. टॅक्स किती लागणार हे ठरायच्या आधीच लोक मागे फिरले.

खर्च सरकारचाही आहे, तो कुणी धरत नाही. प्रत्येक लारीवर नजर ठेवायला जेवढी माणसं लागतील त्यांचा पगार लारीकडून येणाऱ्या फीच्या कितीतरी पट होईल, त्यामुळे पूर्ण अंमलबजावणी होत नाही, अधूनमधून गाडी फिरते. अर्धवट अंमलबजावणीत विक्रेत्याला उठवलं जाण्याची भीती राहते पण सर्टिफिकेटवाल्याला पक्की खात्रीही मिळत नाही, मग कागदाची किंमत अजूनच घसरते.

या थिअरीला जिथे जोर नाही तेही बोलायला पाहिजे. ट्रान्झॅक्शन कॉस्ट म्हटलं की अनौपचारिक बाजार एकदम शहाणा आणि कार्यक्षम वाटायला लागतो, आणि तसं नाहीये. ओटल्याची जागा ओळखीने मिळते, उधारी नात्यागोत्याने आणि जातभाईंत मिळते, बाहेरून आलेल्याला किंवा एकट्या बाईला तोच विश्वास विकत घ्यावा लागतो आणि महाग पडतो. मावशींनाही पहिली दोन वर्षं पाव रोखीने घ्यावा लागला. दुसरं म्हणजे होलसेलवाला कच्च्या बिलावर माल काढतो, त्याच्याकडे सीए आहे, वेळ आहे, दोन्ही वह्या आहेत. तो खर्च परवडत नाही म्हणून नियमाबाहेर नाही, तो सरळ टॅक्स वाचवतोय, आणि लारीवाल्याच्या बाजूने केलेला युक्तिवाद त्याच्या खिशात जाऊ नये. दोघांना "अनौपचारिक" या एकाच डब्यात टाकलं की धोरणही चुकतं, कारण एकाला खेटे कमी करून हवेत आणि दुसऱ्याला तपासणी हवी.

म्हणून सर्वेत "लायसन्स आहे का" हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. कुठल्या कागदासाठी किती वेळा लारी बंद ठेवावी लागली, आणि मध्ये कुणाला किती द्यावे लागले, हे विचारावं, संध्याकाळी लारीवर जाऊन, गर्दी सुरू व्हायच्या आधी.